विषय: एम.एस्सी. प्रवेश परीक्षेची फी माफ करणे आणि फॉर्मची मुदत वाढवून मिळणेबाबत

आदरणीय सर/मॅडम,
नमस्कार. मी सुवर्णा, परंडा तालुका, जि. धाराशिव. एम.एस्सी. केमिस्ट्रीचा ऑनलाइन फॉर्म पूर्ण भरलाय, अर्ज क्र. ४१२७, फक्त १००० रुपये फी भरायची राहिलीय आणि शेवटची तारीख २० मे आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा आमचं अडीच एकर सोयाबीन काढणीला आलेलं ते पूर्ण पाण्यात गेलं, वरची मातीसुद्धा वाहून गेली, त्यामुळे रब्बीला पेरताच आलं नाही. मिळालेली मदत सोसायटीच्या कर्जात आणि घरखर्चात गेली. वडील आता ऊसतोडीला जातात, आई रोजंदारीवर. बी.एस्सी.ला मला ७८ टक्के आहेत, धाकट्या भावाची दहावीही आहे, घरात फीचे पैसे मागायला जीभच उचलत नाही.

तरी फी माफ करावी ही कळकळीची विनंती. पूर्ण जमत नसेल तर निम्मी तरी करा, उरलेली मी शिकवणीच्या पैशातून भरते. दुसरं म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत अर्ज केलाय पण तो अजून हातात आला नाही म्हणून ५ जूनपर्यंत मुदत द्यावी, दाखला आला की त्याच दिवशी अपलोड करते.

सोबत पंचनाम्याची प्रत, सातबारा, रेशनकार्ड, सेतूची पावती आणि बी.एस्सी.ची मार्कशीट जोडलीय. अजून काही लागलं तर कळवा, गावात रेंज कमी असते पण मी रोज संध्याकाळी मेल बघते.

आपली विश्वासू,
सुवर्णा