काथ्या घ्या, पिंप घासा!
(सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या पानावर, पावसाळ्याच्या तोंडावर)

सोमवार
ताप आला की आपण नाल्याकडे बोट दाखवतो. पण डेंग्यूचा डास नाल्यात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. म्हणजे तुमचं-आमचं पिंप. #कोरडारविवार

मंगळवार
अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडं रिकामं.

पण नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. काथ्यानं खसाखसा घासा, पुसा, थोडा वेळ उन्हात ठेवा.

आपल्याकडे रोज पाणी येत नाही. भरलेलं पाणी फेका म्हणताना माझ्याही जिवावर येतं. मग असं करा: पाणी यायच्या आदल्या दिवशी पिंप घासायचं, उरलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, राहिलेलं झाडांना. भरल्यावर झाकण घट्ट. झाकण नसेल तर जुनं धोतर दुहेरी करून वर दोरीनं बांधा.

बुधवार
बॅटरी घ्या आणि शोधा: फ्रीजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कूलरची टाकी, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर, प्यालेली शहाळी. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर फोटो टाका. लाजायचं काही नाही, माझ्या तुळशीखालच्या ताटलीतही सापडल्या!

गुरुवार
"धुराची गाडी कधी येणार?" धुरानं उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. रिकामा करता येत नाही असा हौद असेल, तर गप्पी मासे सोडण्यासाठी आरोग्य सेवकांना सांगा.

शुक्रवार
हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावा. मलेरियाचा डास रात्रीचा, म्हणून रात्रीचीही काढू नका.

शनिवार
ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं: डॉक्टर गाठा, रक्त तपासा. तापाला पॅरासिटॅमॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून घरी बसू नका.

आणि हे नीट वाचा: ताप उतरला की माणूस निवांत होतो, पण धोका नेमका तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं एकही दिसलं तर थेट दवाखाना. रात्र असली तरी.

रविवार
सकाळी 10 ला गच्चीवर. टाकीची झाकणं आणि हवेच्या पाइपांची जाळी बघायची आहे. काथ्या घरून आणा, चहा माझ्याकडे.