नागपूरचे तापमान, जानेवारी ते मे : आलेखवाचनाची संहिता

(वर्धा जिल्ह्यातील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत, आठवीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर पडद्यावर आलेख दाखवताना शिक्षकांनी वाचावयाचा मजकूर. कंसातील सूचना वाचू नयेत.)

नमस्कार. पडद्यावर दिसणारी रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते, हे सर्वांच्या लगेच लक्षात आले असेल. परंतु ती किती चढते आणि कोठे अधिक चढते, हे पाहिल्याशिवाय आलेख वाचला असे म्हणता येणार नाही. म्हणून मी काठी जिथे ठेवीन, तिथेच आपली नजर ठेवावी.

(काठी आडव्या अक्षावर.) खाली जानेवारी ते मे असे पाच महिने आहेत. (काठी उभ्या अक्षावर.) डावीकडे अंश सेल्सिअसमधील तापमान आहे. हा अक्ष शून्यापासून नव्हे, तर २५ पासून सुरू होतो, ही गोष्ट विसरू नये. त्यामुळे चढ डोळ्यांना आहे त्याहून अधिक उभा वाटतो. प्रत्येक बिंदू हे नागपूरच्या त्या महिन्यातील रोजच्या कमाल तापमानाचे, अनेक वर्षांचे मिळून काढलेले आणि जवळच्या पूर्णांकात घेतलेले सरासरी मूल्य आहे. हे तापमान उन्हात ठेवलेल्या तापमापीचे नसून, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या, झडपांच्या पेटीत सावलीत मोजलेल्या हवेचे असते. शेतात उन्हात उभ्या असलेल्या माणसाला याहून अधिक ताप सोसावा लागतो.

(जानेवारीचा बिंदू.) पहिला बिंदू २९ वर आहे. येथून नजर उजवीकडे आणि किंचित वर न्यावी.

(फेब्रुवारीचा बिंदू.) हा ३२ वर आहे. वाढ ३ अंशांची झाली. सकाळी अजून गारवा असल्यामुळे ही वाढ अंगाला फारशी जाणवत नाही, पण रेषेत ती स्पष्ट दिसते.

(मार्चचा बिंदू, येथे थोडे थांबावे.) आता ३६. येथपर्यंतचा चढ अधिक ताठ आहे, कारण या एका टप्प्यात वाढ ४ अंशांची आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत असतो, त्याचे किरण अधिक सरळ पडू लागतात आणि दिवस मोठा होत जातो, हे याचे मुख्य कारण आहे. शिवाय या सुमारास हरभरा आणि गहू निघून आपल्या भागातील बरीच शिवारे मोकळी होतात. जमिनीत ओल असते तेव्हा सूर्याच्या उष्णतेचा काही भाग त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. ओल संपली की तीच उष्णता माती आणि हवा तापवते. समुद्र दूर असल्यामुळे त्याचा गारवाही आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

(एप्रिलचा बिंदू.) हा बिंदू ४० वर असून येथेही वाढ ४ अंशांचीच आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतच्या रेषेवरून बोट फिरवून पाहिले, तर फेब्रुवारी ते मार्च आणि मार्च ते एप्रिल हे दोन्ही तुकडे एकाच सरळ रेषेत असल्याचे दिसेल.

(मेचा बिंदू.) शेवटचा बिंदू ४२ वर आहे. नीट पाहावे: बिंदू सर्वांत उंच आहे, पण त्याच्याकडे जाणारा तुकडा सर्वांत आडवा आहे, कारण वाढ केवळ २ अंशांची झाली. केवळ चढ पाहणाऱ्यास मे महिना सौम्य वाटेल, आणि नेमकी हीच समजूत मला आज दूर करायची आहे. जिवाला धोका उंचीतून ठरतो, चढातून नव्हे. मेच्या अखेरीस नागपुरात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली बाजूला पडत नाही. त्यातही ४२ ही सरासरी आहे. एखाद्या दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो. मैदानी प्रदेशात प्रत्यक्ष तापमान ४५ अंश किंवा अधिक असणे, हा हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषांपैकी एक आहे. मजुरीसाठी नागपूरला जाणाऱ्या पालकांनी आणि इथे उन्हाळवाही करणाऱ्यांनी दुपारची कामे ठरवताना हा बिंदू ध्यानात ठेवावा.

(काठी दोन बिंदूंमधील रेषेवर.) बिंदूंना जोडणारी रेषा नजरेला वाट दाखवण्यासाठी ओढलेली आहे. मार्च आणि एप्रिल यांच्या मधोमध रेषा ३८ वर असली, तरी तिथे ३८ अंश मोजले गेले, असा अर्थ काढू नये.

आता विद्यार्थ्यांनी वहीतील आलेखात मेच्या उजवीकडे जूनचा रकाना आखावा आणि सुमारे ३८ वर बिंदू द्यावा. पावसाळी ढग आणि ओल आल्यावर रेषा खाली वळते. ती मेपासून किती अंशांनी उतरली, हे प्रत्येकाने बिंदूशेजारी लिहावे.