नोकरी व वेतनाचा दाखला: श्री. प्रकाश सखाराम परब

सागरवेल काजू प्रक्रिया उद्योग
मु. पो. मठ, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग

जावक क्रमांक: आस्थापना/३१/२०२५-२६
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
बँक ऑफ इंडिया,
वेंगुर्ला शाखा.

विषय: श्री. प्रकाश सखाराम परब यांच्या गृहकर्ज अर्जासाठी नोकरी व वेतनाचा दाखला.

महोदय,

आमचे कर्मचारी श्री. प्रकाश सखाराम परब (कर्मचारी क्रमांक ४७, जन्मतारीख १७ नोव्हेंबर १९८६) यांनी आपल्या शाखेत गृहकर्जासाठी अर्ज केला आहे. वडिलांच्या कौलारू घराच्या जागी त्यांना चिरेबंदी घर बांधायचे आहे. त्यांच्या विनंतीवरून हा दाखला देत आहे. यातली प्रत्येक तारीख आणि रक्कम मी हजेरीपट व वेतनपत्रक समोर ठेवून स्वतः तपासली आहे.

श्री. परब १ जुलै २०१४ पासून आमच्याकडे कायम नोकरीत आहेत. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्यांच्या कायम सेवेला ११ वर्षे ३ महिने पूर्ण झाले. त्याआधी २०१२, २०१३ आणि २०१४ या तीन वर्षांत मार्च ते जून अशा काजू हंगामात ते रोजंदारीवर येत होते. तो काळ वरच्या मुदतीत धरलेला नाही. हंगामी हजेरीपटावर त्यांचे नाव 'बाबू परब' असे लिहिलेले आहे, कारण वाडीत सगळे त्यांना याच नावाने ओळखतात. जुनी कागदपत्रे आपल्यासमोर आली तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, हे मी येथे प्रमाणित करते.

या ११ वर्षांत त्यांच्या सेवेत खंड नाही, पण दोन नोंदी सांगायला हव्यात. टाळेबंदीमुळे कारखाना २३ मार्च ते ३१ मे २०२० पर्यंत बंद होता. त्या वर्षीच्या एप्रिल व मे महिन्यांचे वेतन सर्व कामगारांना निम्मे दिले गेले. दुसरी नोंद म्हणजे वडिलांच्या आजारपणासाठी श्री. परब १ ते ३१ ऑगस्ट २०२२ बिनपगारी रजेवर होते. त्या महिन्याची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी म्हणूनच भरलेली दिसणार नाही. ही रजा रीतसर मंजूर होती.

१ एप्रिल २०१९ पासून ते प्रतवारी विभागाचे पर्यवेक्षक आहेत. सोललेला गर या विभागात नगावर वेगळा होतो. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २४० पर्यंत दाणे, डब्ल्यू ३२० म्हणजे ३२० पर्यंत. तुकडा, पाकळी, डागी माल निराळा काढावा लागतो. डब्याला सील लागण्यापूर्वी वजन आणि प्रत त्यांच्या सहीने नोंदली जाते, आणि त्या सहीवर आमचा माल बाहेर पडतो. त्यांच्या नोकरीला मुदत नाही, परिवीक्षा कधीच संपली आहे. त्यांनी राजीनामा दिलेला नाही, आम्ही त्यांना कोणतीही नोटीस दिलेली नाही, शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नाही. आमच्याकडे निवृत्तीचे वय ५८ असल्याने ते नोव्हेंबर २०४४ अखेर निवृत्त होतील.

१ एप्रिल २०२५ पासून लागू असलेले त्यांचे मासिक वेतन असे आहे:

मूळ वेतन व महागाई भत्ता: रु. १८,६००
घरभाडे भत्ता: रु. ९३०
प्रवास भत्ता: रु. १,६००
पर्यवेक्षक भत्ता: रु. २,५००
एकूण वेतन: रु. २३,६३० (अक्षरी रुपये तेवीस हजार सहाशे तीस)

वजा, भविष्य निर्वाह निधी: रु. १,८००
वजा, व्यवसाय कर: रु. २०० (फेब्रुवारीत रु. ३००)
हाती पडणारे वेतन: रु. २१,६३० (अक्षरी रुपये एकवीस हजार सहाशे तीस)

मार्च २०२५ पर्यंत एकूण वेतन रु. २२,३७० होते. त्यांच्या वेतनातून आयकर कापला जात नाही, म्हणून फॉर्म १६ दिलेला नाही. त्याऐवजी सहा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या जोडत आहे.

आता एक दुरुस्ती. अर्जात आपले मासिक वेतन रु. २७,०३८ लिहिले गेले, असे श्री. परब यांनी मला सोमवारी येऊन सांगितले. ही रक्कम खोटी नाही, पण ती फक्त मे महिन्याची आहे. हंगामात बी भरपूर येते आणि काम रात्रीपर्यंत चालते. मे महिन्यात त्यांचे १५ तास जादा काम झाले, त्याचे दुप्पट दराने रु. ३,४०८ मिळाले. एप्रिलमध्ये १३ तासांचे रु. २,९५४ मिळाले होते. पावसाळा लागल्यापासून जादा काम झालेले नाही आणि पुढच्या हंगामात किती होईल हे पिकावर ठरेल. म्हणून ओव्हरटाइम नियमित उत्पन्नात धरू नये आणि अर्जातली रक्कम रु. २३,६३० अशी वाचावी. चूक लक्षात येताच ती दुरुस्त करून घ्यायला ते आपणहून आले, हेही मला नमूद करावेसे वाटते.

वेतन दरमहा ७ तारखेच्या आत आपल्याच शाखेतील त्यांच्या बचत खात्यात जमा होते. सप्टेंबरचे ६ ऑक्टोबर रोजी जमा झाले. खातेउताऱ्यात मात्र रकमा सारख्या दिसणार नाहीत. आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी गेल्या वर्षी रु. ३६,००० उचल घेतली होती. ती ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ या १२ महिन्यांच्या वेतनातून दरमहा रु. ३,००० प्रमाणे वळती केली. त्यामुळे या वर्षी एप्रिलचे रु. २१,५८४, मेचे रु. २२,०३८, जून व जुलैचे प्रत्येकी रु. १८,६३० आणि ऑगस्ट व सप्टेंबरचे प्रत्येकी रु. २१,६३० असे वेतन जमा झाले आहे. उचल पूर्ण फिटली असून आज त्यांच्याकडे आमचे काहीही येणे नाही. २२ ऑगस्ट रोजी जमा झालेले रु. १४,५०० हा गणपतीपूर्वी दिला जाणारा वार्षिक बोनस आहे. तो मासिक उत्पन्नात मिळवू नये.

हे पत्र जामीन नाही. कर्जाचे हप्ते वेतनातून कापून बँकेत भरण्याची जबाबदारी आम्ही घेतलेली नाही. पडताळणीसाठी आपले प्रतिनिधी सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते दुपारी १ किंवा २ ते ५ या वेळेत कारखान्यात आल्यास मूळ हजेरीपट व वेतनपत्रक दाखवीन. श्री. परब यांनी त्यासाठी लेखी संमती दिली आहे, ती सोबत आहे.

बाबू परब हंगामी कामाला आले तेव्हा मी हिशेबाच्या टेबलावर बसत होते. तेव्हापासून त्यांना रोज पाहते आहे. कर्ज द्यावे की नाही हा निर्णय बँकेचा आहे, पण तो खऱ्या आकड्यांवर व्हावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आपली विश्वासू,

(सही व शिक्का)
सौ. माधवी केशव नाईक
व्यवस्थापकीय भागीदार

सोबत: एप्रिल ते सप्टेंबर २०२५ च्या वेतनचिठ्ठ्या, १ जुलै २०१४ च्या नेमणूकपत्राची प्रत, उचल फिटल्याची नोंद, कर्मचाऱ्याचे संमतीपत्र.

प्रत: श्री. प्रकाश सखाराम परब