विषय: तातडीचे – जॉबशीट क्र. ०४१७, माझा फोन कृपया रीसेट करू नका, आधी व्हॉट्सअॅपमधील चॅट काढून घ्यायचे आहे

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,
मोबाईल सर्व्हिस सेंटर, सांगली

सप्रेम नमस्कार.

सोमवारी, २ मार्चला दुपारी मी माझा फोन तुमच्या काउंटरवर जमा केला. जॉबशीट क्रमांक ०४१७. आज सायंकाळी तुमच्याकडून फोन आला की "सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल, उद्या सकाळी काम सुरू करतो." मी फोनवरच नको म्हणालो, पण ते सांगणं टेक्निशियनपर्यंत पोचलं की नाही याची खात्री नाही, म्हणून लेखी कळवतो आहे. माझ्या फोनला फॅक्टरी रीसेट करू नका, सॉफ्टवेअर मारू नका आणि बोर्ड बदलू नका. माझं चॅट बाहेर निघेपर्यंत यातलं काहीही करायला माझी परवानगी नाही. ही ओळ कृपया जॉबशीटवर लाल पेनाने लिहून फोनला चिकटवून ठेवा.

जॉबशीटच्या खाली "डेटाची जबाबदारी ग्राहकाची" असं छापलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे, हे मला मान्य आहे. पण मी डिस्प्ले गेला म्हणून फोन दिला होता. डिस्प्ले बदलायला फोन पुसावा लागेल हे त्या वेळी मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी फोन ठेवलाच नसता.

आता अडचण सविस्तर सांगतो. माझी तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. या हंगामात एक एकराचा सोनाकाचा प्लॉट बाहेरच्या एका व्यापाऱ्याला दिला. चार किलोच्या पेटीला २२० रुपये असा सौदा ठरला, तो त्याने व्हॉइस मेसेजमध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितला आहे. १८, १९ आणि २० फेब्रुवारीला माल तुटला. ७६०, ८१० आणि ६१० अशा एकूण २,१८० पेट्या गेल्या. रक्कम ४,७९,६०० रुपये होते. त्यातले ५०,००० आगाऊ मिळाले, ४,२९,६०० बाकी आहेत. आठ दिवसांत देतो म्हणाला होता. आता फोन उचलत नाही.

कागदावर माझ्याकडे काहीच नाही. वजनपावत्या त्याने फोटो काढून व्हॉट्सअॅपवरच पाठवल्या, गाडीचा नंबर तिथेच, "माल मिळाला" हा मेसेजही तिथेच. आमच्या भागात बहुतेक सौदे असेच होतात, म्हणून पावती हातात घ्यायचं तेव्हा सुचलं नाही. वकिलांना भेटलो. ते म्हणाले, भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असं चॅट पुरावा म्हणून देता येतं, पण त्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि ती नोंद कोणत्या फोनमधली आहे हे त्यात लिहावं लागतं. म्हणून मला मेसेज हवे आहेतच, आणि शक्यतो तो फोनही आहे तसाच हवा आहे. वर्षभराची छाटणी, फवारणी, मजुरी या एका चॅटवर अडकली आहे.

तुमचा माणूस म्हणाला, "गूगलवर बॅकअप असेल की." नाही. माझ्या गूगल खात्याची १५ जीबी जागा भरली, तेव्हापासून बॅकअप थांबलेला आहे. शेवटचा बॅकअप ११ जानेवारीचा, म्हणजे सौद्याच्या महिनाभर आधीचा. पोचलेले मेसेज व्हॉट्सअॅपच्या सर्व्हरवरही राहत नाहीत. माझ्या बाजूची एकमेव प्रत तुमच्या टेबलावरच्या फोनमध्ये आहे. आणि आतला डेटा कुलूपबंद असतो, रीसेट केल्यावर त्याची किल्लीच पुसली जाते. मग मी पुण्यामुंबईच्या रिकव्हरीवाल्याकडे नेला तरी हाती काही लागणार नाही. बोर्ड बदलला तरी तेच, कारण डेटा आणि किल्ली दोन्ही जुन्या बोर्डावर.

सॉफ्टवेअर खराब झालंय असं मला वाटत नाही. शनिवारी फोन ट्रॅक्टरवरून दगडावर पडला आणि स्क्रीन काळी झाली. पण रविवारी पहाटे पाच वाजता त्यावर माझा रोजचा गजर वाजला. भावाने फोन लावला तर रिंगही वाजली. आत सगळं चालू आहे, फक्त दिसत नाही. म्हणून माझी विनंती आहे की आधी फक्त नवा कॉम्बो लावून बघा. कायमचा बसवायची गरज नाही, तपासायला जोडतात तसा वरून जोडला तरी चालेल. मला अर्धा तास स्क्रीन दिसली की पुरे.

स्क्रीन आली की मला बोलवा. बॅटरी काढून परत जोडल्यावर फोन पिन मागेल. तो मी ईमेलमध्ये किंवा फोनवर सांगणार नाही, समोर येऊन स्वतः टाकेन. अंदाजाने पिन टाकून बघू नका. चित्र दिसलं पण टच चालला नाही, तर ओटीजी केबल आणि माउस मी सोबत आणतो आहे. लॅपटॉप घेऊन पुतण्याही येईल. त्या व्यापाऱ्याचं चॅट आम्ही मीडियासकट एक्सपोर्ट करू आणि फोनमधला हा पूर्ण फोल्डर कॉपी करून घेऊ:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

त्यातल्या Databases मध्ये व्हॉट्सअॅप रोज रात्री दोनच्या सुमारास स्वतः बॅकअप ठेवतं. २८ तारखेच्या पहाटेची प्रत त्यात असावी. म्हणून या फोल्डरमधली कोणतीही फाइल "जागा मोकळी करतो" म्हणूनसुद्धा डिलीट करू नका. सिम माझ्याकडेच आहे, साध्या फोनमध्ये घातलं आहे. त्या नंबरावर दुसरीकडे कुठेही व्हॉट्सअॅप सुरू केलेलं नाही आणि काम होईपर्यंत करणार नाही.

कॉम्बोचे आणि जादा वेळेचे जे काही पैसे होतील ते मी देईन. वॉरंटीत बसवायचं तर रीसेट करावाच लागतो असा तुमच्या कंपनीचा नियम असेल, तर वॉरंटी नको, पैसे भरून करा. चॅट निघाल्यावरही फोन पुसायचा असेल तर आधी मला विचारा, वकिलांशी बोलून मी लेखी कळवेन. कॉम्बो लावूनही काही दिसलं नाही, तर पुढे काही न करता फोन आहे तसा, त्याच बोर्डासकट परत द्या. मी दुसरीकडे दाखवेन, त्याबद्दल माझी तुमच्यावर काही तक्रार राहणार नाही.

आज रात्री किंवा उद्या सकाळी सेंटर उघडताच, "रीसेट करणार नाही" एवढं एका ओळीचं उत्तर या ईमेलला द्यावं ही कळकळीची विनंती. उत्तर आलं नाही तरी उद्या, बुधवारी ४ तारखेला, सकाळी दहाला मी सेंटरच्या दारात असेन. तोपर्यंत ज्या टेक्निशियनकडे फोन आहे त्यांना कृपया एवढा निरोप द्या. काल काउंटरवर ज्या ताईंनी फोन जमा करून घेतला त्यांनी माझं बोलणं नीट ऐकून घेतलं होतं, त्यांनाही विचारलंत तर त्या सांगतील.

आपला,
संभाजी पाटील
तालुका तासगाव, जिल्हा सांगली
जॉबशीट क्र. ०४१७
३ मार्च, रात्री ८.४०

सोबत: जॉबशीटचा फोटो