नवीन रुजू झालेल्यांसाठी: इंडक्शनच्या पीपीटीतले संक्षेप आणि शब्द

रत्नागिरी प्लांट, क्यूसी आणि ट्रेनिंग विभाग

पहिल्या आठवड्यात तुम्हाला पाच पीपीटी दाखवल्या जातात: कच्चा माल, प्रक्रिया, हॅसॅप, पॅकिंग आणि एक्स्पोर्ट. प्रत्येक विभागाने आपापली पीपीटी वेगवेगळ्या वेळी केली आहे, म्हणून एकच संक्षेप दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. ही यादी पाचही पीपीटी शेजारी ठेवून केली आहे. अकारविल्हे न लावता मासळी बंदरावरून कंटेनरपर्यंत जाते त्या क्रमाने लावली आहे, म्हणजे फ्लोअरवर उभे असताना शोधायला सोपी जाईल. सगळी एका दिवसात पाठ करू नका. "काउंट", "ग्लेझ", "सीसीपी" आणि "लॉट" हे चार मात्र पहिल्याच दिवशी पक्के करा. फ्लोअरवरचे बहुतेक वाद या चारांवरूनच होतात.

दोन अर्थांचे संक्षेप, आधी हे वाचा

एचसी. हॅसॅपच्या पीपीटीत याचा अर्थ हेल्थ सर्टिफिकेट, म्हणजे माल खाण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला. एक्स्पोर्टच्या पीपीटीत "40 फूट एचसी" म्हणजे हाय क्यूब, नेहमीपेक्षा उंच कंटेनर. "एचसी आली का?" असे कुणी फोनवर विचारले तर उत्तर देण्याआधी कागद की गाडी ते विचारून घ्या.

ईआयए. आपल्याकडे नेहमी एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सी. पर्यावरणाच्या कामात हीच अक्षरे पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासासाठी वापरतात, पण तो अर्थ पाचही पीपीटींत कुठेच नाही.

सीसी. एक्स्पोर्टवाले कॅच सर्टिफिकेटला, म्हणजे मासळी नियमाप्रमाणे पकडल्याच्या दाखल्याला, म्हणतात. ईमेलमधल्या सीसीशी गल्लत होते, म्हणून लेखी लिहिताना पूर्ण शब्द लिहा.

बंदरावर

आरएम. कच्चा माल. "आरएम रिसीव्हिंग" म्हणजे मागच्या गेटचा धक्का, जिथे मिरकरवाड्याहून येणारे टेम्पो लागतात.

तांडेल. बोटीचा प्रमुख. मासळी कुठे मारली आणि कधी मारली ही माहिती त्याच्याकडूनच येते, आणि पुढचे सगळे कागद त्या माहितीवर उभे राहतात. त्याच्याशी बोलताना घाई करू नका.

बंदी. पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारी बंदी, 1 जून ते 31 जुलै. पीपीटीत "बंदीपूर्व साठा" असे येते ते या काळासाठी कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवलेल्या मालाबद्दल.

आयएनडी नंबर. बोटीचा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्राच्या बोटींचा `IND-MH` ने सुरू होतो. रिसीव्हिंगच्या रजिस्टरमध्ये हा पूर्ण लिहायचा. नुसते बोटीचे नाव चालत नाही, कारण एकाच बंदरात एकाच नावाच्या दोन-तीन बोटी सहज सापडतात.

लॉट. एका बोटीचा किंवा एका तळ्याचा, एका दिवशी, एका शिफ्टमध्ये घेतलेला माल. सिस्टीममध्ये तो असा दिसतो:

```
251014-07-2
```

पहिले सहा आकडे तारखेचे (2025, ऑक्टोबर, 14), मधले दोन पुरवठादाराचे, शेवटचा शिफ्टचा. "बॅच" हा वेगळा शब्द आहे: फ्रीझरमधून एका वेळी निघालेला माल. एका लॉटच्या चार बॅच होऊ शकतात. एका बॅचमध्ये दोन लॉट मिसळायचे नाहीत. उद्या एखाद्या पेटीबद्दल तक्रार आली तर ती पेटी कुठल्या बोटीची, हे याच नंबरावरून शोधतात.

हिस्टामाइन. बांगडा, कुप्पा, तारली अशा मासळीत बर्फ कमी पडला की जिवाणूंमुळे तयार होणारा पदार्थ. तो शिजवून जात नाही आणि फ्रीझ करूनही जात नाही. म्हणून सगळी लढाई बोटीवर आणि टेम्पोत बर्फाने लढायची असते. प्लांटवर आल्यावर आपण फक्त मोजू शकतो. युरोपच्या नियमात एका लॉटचे 9 नमुने घेतात: सरासरी 100 पीपीएमच्या वर जायची नाही, दोन नमुने 100 ते 200 च्या मध्ये चालतात, 200 च्या वर एकही चालत नाही. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. एका किलोत एक मिलिग्रॅम असे लक्षात ठेवा.

प्रोसेसिंग हॉलमध्ये

एचओएसओ, एचएलएसओ, पीयूडी, पीडी, पीडीटीओ. कोळंबी किती सोलली ते सांगणारे संक्षेप. एचओएसओ म्हणजे डोक्यासकट, सालासकट, आहे तशी. एचएलएसओ म्हणजे डोके काढलेली, साल तशीच. पीयूडी म्हणजे सोललेली, पण पाठीतला दोरा न काढलेली. पीडी म्हणजे दोराही काढलेली. पीडीटीओ म्हणजे पीडीच, फक्त शेपटीचे टोक ठेवलेले. सोलणाऱ्या ताईंना हे संक्षेप तुमच्यापेक्षा चांगले माहीत आहेत. शंका आली तर टेबलावर जाऊन बघा, त्या कोळंबी हातात घेऊनच फरक दाखवतात.

यील्ड. शंभर किलो आरएममधून हातात आलेला माल. डोके काढले की एकदा घटतो, सोलल्यावर पुन्हा घटतो. यील्डचा आकडा सांगताना कुठून कुठे ते सांगा: "एचओएसओ ते पीडी" की "एचएलएसओ ते पीडी". नुसता टक्का सांगितला तर समोरच्याला काहीच कळत नाही.

काउंट. हा शब्द नीट समजून घ्या. 31/40 म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, 31 ते 40 नग. आकडा वाढला की कोळंबी लहान होते. यू/10 म्हणजे पौंडात दहापेक्षा कमी, सगळ्यांत मोठी. इथपर्यंत सरळ आहे. अडचण अशी की अख्खी, डोक्यासकटची कोळंबी बहुधा किलोच्या काउंटवर विकली जाते. त्यामुळे पॅकिंगच्या पीपीटीत एकाच तक्त्यात "30/40 एचओएसओ" आणि "31/40 पीयूडी" शेजारी शेजारी येतात आणि सारखेच वाटतात. पहिल्यात किलोला 30 ते 40 नग, म्हणजे एक नग 25 ते 33 ग्रॅमचा. दुसऱ्यात पौंडाला 31 ते 40, म्हणजे एक नग साधारण 11 ते 15 ग्रॅमचा. दोन्ही मालांच्या भावांत मोठे अंतर असते. तक्त्यात एकक लिहिलेले नसेल तर ग्रेडिंगवाल्यांना विचारल्याशिवाय पेटीवर काउंट टाकू नका. आणि काउंट नेहमी पाकिटात असलेल्या मालाचा, बर्फ वितळवून, पाणी निथळल्यावर मोजायचा.

आयक्यूएफ. एकेक नग सुटा गोठवणे. पाकीट उघडले की हवे तेवढे नग काढता येतात. याच्या उलट ब्लॉक: प्लेट फ्रीझरमध्ये पाण्यासकट गोठवलेली लादी.

कोअर टेम्परेचर. मालाच्या गाभ्याचे तापमान. गाभा उणे 18 अंशांवर आला की मगच गोठवणे पूर्ण झाले असे धरतात. फ्रीझरच्या डिस्प्लेवर उणे 40 दिसते ते हवेचे तापमान आहे, मासळीचे नव्हे.

ग्लेझ. गोठवलेल्या नगावर चढवलेला बर्फाचा पातळ थर. तो हवा लागू देत नाही, माल कोरडा पडत नाही. तो लागतोच, त्यात लबाडी नाही. लबाडी होते ती बर्फ मासळीच्या वजनात धरला तर. आपले सूत्र हे:

```
glaze % = (gross - net) / gross * 100
```

एका पेटीचे लेबल घेऊ:

```
PUD 31/40 IQF  10 x 1 KG NW  20% GLZ
```

सोललेली, दोरा न काढलेली कोळंबी, पौंडाला 31 ते 40, सुटी गोठवलेली, एक किलोची दहा पाकिटे, ग्लेझ 20 टक्के. `NW` म्हणजे निव्वळ वजन, म्हणजे बर्फ सोडून एक किलो. मग काट्यावर पाकीट 1,250 ग्रॅम भरले पाहिजे (पिशवीचे वजन वेगळे). बर्फ वितळवून मोजले तर 1,000 ग्रॅम आणि 68 ते 88 नग. काटा 1,000 दाखवत असेल तर आत मासळी फक्त 800 ग्रॅम आहे, आणि ती पेटी पुढे जाता कामा नये. कितीही घाई असो, गाडी दारात उभी असो, ती पेटी थांबवण्याचा अधिकार तुम्हाला पहिल्या दिवसापासून आहे.

तपासणी आणि नियम

हॅसॅप. धोका कुठे होऊ शकतो ते आधी ओळखून तिथेच पहारा ठेवण्याची पद्धत. 1960 च्या दशकात अंतराळवीरांच्या अन्नासाठी अमेरिकेत ती बसवली गेली. तिची सात तत्त्वे स्लाइडवर आहेत, इथे पुन्हा देत नाही.

सीसीपी. ज्या टप्प्यावर चूक झाली तर पुढे कुठेच सुधारता येत नाही तो टप्पा. आपल्याकडे रिसीव्हिंग आणि मेटल डिटेक्टर हे दोन. सीएल म्हणजे तिथली मर्यादा. ती ओलांडली की माल बाजूला, लाल टॅग, आणि नोंद त्याच वेळी. शिफ्ट संपल्यावर आठवून लिहिलेली नोंद धरली जात नाही.

एसएसओपी. स्वच्छतेच्या कामांची लेखी पद्धत: हात, बूट, टेबल, पाणी, बर्फ.

टीपीसी. एका ग्रॅममधले एकूण जिवाणू. लॅबच्या अहवालातला पहिला रकाना. साल्मोनेलाच्या रकान्यात मात्र आकडा नसतो. 25 ग्रॅममध्ये "नाही" असेच यावे लागते.

पीएचटी. तळ्यातली कोळंबी काढण्याआधीची अँटिबायोटिकची चाचणी. समुद्रातल्या मालाला लागू नाही.

ईटीपी. सांडपाणी शुद्धीकरण. बीओडी, सीओडी हे त्याचे आकडे. कमी असलेले चांगले.

एम्पेडा. सागरी उत्पादनांच्या निर्यातीची केंद्र सरकारची संस्था, 1972 पासून, मुख्यालय कोचीत. ईआयसी ही 1963 च्या कायद्याखालची परिषद, आणि ईआयए तिच्या हाताखालची. आपले काम मुंबईच्या ईआयएकडे असते. थोडक्यात: युरोपसाठीचे कॅच सर्टिफिकेट एम्पेडा प्रमाणित करते, हेल्थ सर्टिफिकेट ईआयए देते. कुठला कागद कुणाकडे मागायचा यात नवीन माणसांचा फार वेळ जातो.

एक्स्पोर्ट

आययूयू. बेकायदा, न नोंदवलेली, नियमाबाहेरची मासेमारी. युरोपने तिच्याविरुद्धचा नियम 1 जानेवारी 2010 पासून लागू केला, तेव्हापासून समुद्रातल्या मालाला कॅच सर्टिफिकेट लागते. वर सांगितलेला आयएनडी नंबर इथे कामाला येतो.

टेड. ट्रॉलच्या जाळ्यातून कासवाला बाहेर पडता यावे म्हणून बसवायची चौकट. ती नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने 2019 मध्ये भारतातली समुद्रातली कोळंबी घेणे थांबवले. म्हणून पीपीटीत "यूएस: फक्त कल्चर" असे लिहिले आहे. कल्चर म्हणजे तळ्यातली.

फेफो. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर. फिफोत आधी आलेला आधी जातो. कोल्ड स्टोअरेजमध्ये आपण फेफो पाळतो.

एचएस कोड. गोठवलेल्या अख्ख्या मासळीचा 0303 ने सुरू होतो, कोळंबीचा 0306 ने, म्हाकुलाचा 0307 ने.

एफओबी, सीआयएफ. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला. सीआयएफमध्ये पुढचे भाडे आणि विमाही आपणच भरतो.

रीफर. थंड कंटेनर. तो माल थंड ठेवतो, गोठवत नाही. कोमट माल भरून "वाटेत गोठेल" असे कुणी म्हणाले तर भरणे थांबवा आणि क्यूसीला बोलवा.

एलईओ. कस्टमची निर्यातीची परवानगी. न्हावा शेवाला (`INNSA`) ती मिळाल्यावरच कंटेनर जहाजावर चढतो. बीएल म्हणजे जहाज कंपनीने दिलेला मालाचा कागद. बीएलवरचा सील नंबर आणि आपल्या गेट रजिस्टरमधला सील नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे.

यादीत नसलेला संक्षेप स्लाइडवर दिसला तर पीपीटीचे नाव आणि स्लाइड नंबर क्यूसी ऑफिसबाहेरच्या वहीत लिहा. दर शनिवारी ती वही बघून यादीत भर घालतो, आणि नवीन प्रत सोमवारी सकाळी नोटीस बोर्डवर लागते.