विषय: दिवाळी हंगामाची खोकी – 31 जुलैचे कोटेशन, दर आणि डिलिव्हरीच्या तारखा

श्री. पाटीलसाहेब,
सप्रेम नमस्कार.

कोटेशन आणि दोन्ही सॅम्पल मिळाली. पाच प्लायचे 16 × 12 × 10 इंची खोके चिवडा-चकलीने भरून, सात थर लावून चार दिवस गोदामात ठेवले होते. एवढ्या दमट हवेतही तळचे खोके फुगले नाही आणि घडीवर कागद तडकला नाही. मालाबद्दल आमची काही तक्रार नाही, त्यामुळे थेट दर आणि तारखांवर येते.

तुमचे दर असे आहेत: पाच प्लाय 38 रुपये, एक किलो फराळाचे तीन प्लाय छापील खोके 14.50 रुपये आणि 48 मिमी ब्राऊन टेप 34 रुपये रोल, जीएसटी वेगळा. गेल्या वर्षी आम्ही दोन-दोन हजारांची फुटकळ ऑर्डर देत होतो, त्या हिशेबाने हे दर ठीक होते. यंदा पूर्ण हंगामाची ऑर्डर एकाच पीओवर देत आहोत: पाच प्लाय 12,000 नग, तीन प्लाय 30,000 नग आणि टेपच्या 72 रोलच्या 10 पेट्या. तुमच्या दराने याचे 9,15,480 रुपये होतात. पाच प्लाय 34.50 ला आणि तीन प्लाय 13 ला द्यावे, अशी आमची मागणी आहे. टेपचा दर आहे तोच राहू दे. अशी रक्कम 8,28,480 होते, म्हणजे एकूण साडेनऊ टक्के सूट.

ही सूट तुमच्या खिशातून जावी, असा हेतू नाही. छपाईचा स्टिरिओ गेल्या वर्षीचाच आहे, तो तुमच्याकडेच पडून आहे. माप बदललेले नाही. क्राफ्ट पेपर तुम्ही एकदम उचलू शकाल, मशीनचे सेटिंग दर वेळी बदलावे लागणार नाही आणि रबाळ्याहून गाडी अर्धी रिकामी येणार नाही. यात वाचेल त्यातला वाटा आम्ही मागतो आहोत.

एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट लिहिते. दर कमी करण्यासाठी कागद हलका करू नका. 150 जीएसएम, 18 बीएफ, आणि पाच प्लायचे रिकामे खोके वजनाला सॅम्पलइतकेच, साधारण 730 ग्रॅम. गेल्या दिवाळीत दुसऱ्या एका पुरवठादाराने दर पाडून दिला आणि लॉट मात्र पातळ कागदाचा पाठवला. पुण्याला गेलेल्या पार्सलमध्ये तळची खोकी बसली, अनारशांचा चुरा झाला आणि ग्राहकाला उत्तर आम्हाला द्यावे लागले. घरच्या चवीचा फराळ म्हणून लोक विश्वासाने मागवतात, तो फुटून पोचला तर चव कोण विचारणार? म्हणून प्रत्येक लॉटमधली दहा खोकी आम्ही वजन करून घेऊ आणि ओलाव्याच्या मीटरवर 10 टक्क्यांच्या वर आकडा आला तर तो लॉट उतरवून घेणार नाही. 34.50 ला हा कागद बसत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा. 50 पैसे वर-खाली बोलता येईल, पण कागदावर तडजोड नाही.

कागदाचे भाव हलतात याची कल्पना आहे. किलोमागे एक रुपया वाढला की पाच प्लायच्या खोक्यामागे साधारण पाऊण रुपया चढतो. तेव्हा दर 31 ऑक्टोबरपर्यंत बांधलेला असावा. मिलचा भाव किलोमागे दोन रुपयांपेक्षा जास्त हलला तरच, मिलचे बिल समोर ठेवून, पुन्हा बोलू. भाव उतरला तरी हाच नियम.

आता तारखा. यंदा अधिक महिन्यामुळे दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. परदेशी पार्सले मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुटतात आणि त्यांना पाच प्लायच लागते. म्हणून पहिला लॉट गणपतीच्या आधी, मंगळवार 8 सप्टेंबरला हवा: पाच प्लाय 3,000 आणि टेप 3 पेट्या. 14 ते 25 सप्टेंबर काहीही पाठवू नका. निम्मी माणसे कोकणात असतात, विसर्जनाच्या दिवशी तर गाडी अडकलीच म्हणून समजा. मंगळवार 29 सप्टेंबरला पाच प्लाय 4,000, तीन प्लाय 10,000 आणि टेप 4 पेट्या. गुरुवार 8 ऑक्टोबरला फक्त तीन प्लाय 10,000. उरलेला माल, म्हणजे पाच प्लाय 5,000, तीन प्लाय 10,000 आणि टेप 3 पेट्या, गुरुवार 15 ऑक्टोबरला. दसरा 20 ला आहे, त्याच्या आत सगळी खोकी गाळ्यात हवीत. एकदम सगळे घ्यायला जागा नाही आणि पावसाळी हवेत रचून ठेवलेला कागद ओल धरतो, म्हणून चार लॉट.

गाडी सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेतीनच्या दरम्यान पोचेल असे बघा. सकाळ-संध्याकाळ तीन हात नाक्याला किती वेळ जाईल सांगता येत नाही. ड्रायव्हरला ऐरोली पुलावरून पाठवा. जोराचा पाऊस असला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरते. 25-25 चे बंडल, वरून प्लास्टिक, आणि ताडपत्री पक्की बांधलेली. उतराईचे हमाल आमचे, पण भाडे तुमच्या दरातच धरले आहे.

तारीख चुकणार असेल तर 48 तास आधी फोन आला तर काही कापणार नाही. न कळवता दोन दिवसांपेक्षा उशीर झाला तर त्या लॉटच्या बिलातून दिवसाला अर्धा टक्का वजा करू. पॅकिंगच्या बायका रोजावर येतात. खोकी नसली की त्यांचा रोज बुडतो किंवा आमचा तरी जातो.

पैशांचे असे: पीओसोबत 25 टक्के ॲडव्हान्स, बाकी लॉटवार, माल मिळाल्यापासून 30 दिवसांत. लेखी करार असला की एमएसएमई कायद्यात जास्तीत जास्त 45 दिवसांची मुदत आहे, पण आम्ही तिथपर्यंत ताणणार नाही. 15 दिवसांत पैसे हवे असतील तर तेही देऊ, त्या बिलावर एक टक्का कॅश डिस्काउंट धरा. उद्यम नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत मात्र पाठवा, अकाउंट्सला लागते.

संक्रांतीच्या तिळगुळासाठी पाच प्लायची आणखी 6,000 खोकी लागतील असा अंदाज आहे. हे चारही लॉट वेळेवर आणि वजनाला बरोबर आले, तर ती ऑर्डर दुसरीकडे कोटेशन न मागवता याच दराने तुम्हाला देऊ. हे पीओतच लिहून देईन.

बुधवार, 12 ऑगस्टपर्यंत उत्तर द्यावे. दर जमले तर शुक्रवारी 14 तारखेला पीओ आणि ॲडव्हान्स दोन्ही निघतील, म्हणजे पहिल्या लॉटला तुम्हाला तीन आठवडे मिळतात. समोरासमोर बसून बोलायचे असेल तर मंगळवारी दुपारी मी रबाळ्याला येऊ शकते. त्या निमित्ताने कागदाचे रोलही बघेन.

कळावे,

आपली,
सुनीता सावंत
खरेदी विभाग, फराळ युनिट
वागळे इस्टेट, ठाणे