तातडीचे: वेतनपत्रकाच्या नावाने आलेला फसवा ईमेल, एका सहकाऱ्याचा पासवर्ड उघड झाला आहे

प्रति,
माहिती सुरक्षा पथक, आयटी विभाग

महोदय/महोदया,

आज मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी १०.४२ वाजता लेखा व वित्त विभागातील अनेकांना ‘मानव संसाधन विभाग’ या नावाने एक ईमेल आला असून तो फिशिंगचा प्रयत्न आहे, याबद्दल मला शंका उरलेली नाही. आमच्या विभागातील एका सहकाऱ्याने त्या मेलमधील क्यूआर कोड स्वतःच्या फोनवर स्कॅन करून उघडलेल्या पानावर कंपनीचा पासवर्ड आणि त्यानंतर मागितलेला ओटीपी असे दोन्ही भरले आहेत. ही घटना साधारण ११ वाजण्याच्या सुमारास घडली. त्यांनी ११.१० वाजता हेल्पडेस्कला फोन केला असून तक्रारीचा क्रमांक INC-20417 आहे. हा मेल बऱ्याच जणांपर्यंत जाणार असल्याने त्यांचे नाव येथे लिहिलेले नाही. नाव आणि खाते त्या तक्रारीत नोंदलेले आहे.

हेल्पडेस्कने त्यांचा पासवर्ड तेव्हाच बदलून दिला. परंतु पासवर्डपाठोपाठ ओटीपीही त्या पानाने घेतला आणि लगेच खरे वेतन पोर्टल उघडून दाखवले, यावरून ते पान मध्ये बसून दोन्ही गोष्टी खऱ्या लॉगिनकडे पुढे पाठवत असावे, असे मला वाटते. तसे असेल तर हल्लेखोराच्या हाती चालू सेशन लागलेले असू शकते आणि पासवर्ड बदलला तरी ते आपोआप बंद झाले असेलच, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून त्या खात्याची सर्व सेशन रद्द करावीत, १०.४२ नंतर ओटीपीसाठी एखादे नवे उपकरण किंवा नवा फोन नंबर जोडला गेला आहे का हे पाहावे, आणि मेलबॉक्समध्ये मेल परस्पर बाहेर पाठवणारा किंवा येणारे मेल लपवणारा एखादा नियम तयार झाला आहे का हेही तपासावे, ही माझी पहिली विनंती आहे.

मेलचा विषय ‘ऑक्टोबर वेतनपत्रक: आजच पडताळणी आवश्यक’ असा आहे. मजकूर जेमतेम चार ओळींचा असून, सायंकाळी ५ वाजेपर्यंत पडताळणी न केल्यास ‘आपले वेतन खाते स्थगित करण्यात येईल’ असे त्यात म्हटले आहे. मेलमध्ये टिचकी मारण्याजोगी एकही लिंक नाही आणि जोडलेली फाइलही नाही. आहे ते केवळ एक चित्र, ज्यात कंपनीचे किंचित धूसर बोधचिन्ह आणि त्याखाली क्यूआर कोड आहे. मेल गाळणीतून सुटला त्यामागे हे एक कारण असू शकेल. मूळ मेलच्या हेडरमधील कामाचा भाग पुढे देत आहे. चुकून कोणी उघडू नये म्हणून पत्त्यांतील बिंदू कंसात टाकले आहेत.

```
Return-Path: <bounce@mailer.vetan-suchana[.]example>
From: "मानव संसाधन विभाग" <hr@vetan-suchana[.]example>
Reply-To: <kaksh@dastaivaj[.]example>
Received: from mx3.vetan-suchana[.]example (203.0.113.47)
Authentication-Results: spf=pass; dkim=pass; dmarc=pass
```

तिन्ही तपासण्यांत `pass` दिसत असले तरी त्यावरून मेल खरा ठरत नाही. पाठवणाऱ्याचे डोमेन आपल्या कंपनीचे नाही, आणि स्वतःच्या डोमेनसाठी या नोंदी नीट करून ठेवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. उत्तरासाठीचा पत्ता पुन्हा तिसऱ्याच ठिकाणचा आहे. फोनवर उघडलेल्या पानाचा पत्ता सहकाऱ्याच्या ब्राउझर इतिहासातून मिळाला, तो असा:

```
hxxps://login.dastaivaj[.]example/s/7kq2
```

हा मेल माझ्या पत्त्यावर आला तसाच विभागाच्या `accounts-desk` या सामाईक मेलबॉक्सवरही आला आहे, आणि तिथे त्याची सुरुवात ‘प्रिय accounts-desk’ अशी आहे. पत्त्याचा डावीकडचा भाग उचलून संबोधनात घातला गेला, हे उघड आहे. ज्या मेलबॉक्सला पगारच नाही त्याला वेतनपत्रक पडताळायला सांगणारा मेल मानव संसाधन विभागाचा असणे शक्य नाही. त्या विभागाला फोन करून विचारले असता, आज असा कोणताही मेल पाठवलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. दोन्ही मेलमधील चित्रे शेजारी ठेवून पाहिली तर क्यूआर कोडही वेगवेगळे दिसतात. सहकाऱ्याच्या फोनवर उघडलेल्या पानात त्यांचा ईमेल पत्ता आधीच भरलेला होता, ही गोष्ट लक्षात घेता प्रत्येकासाठी स्वतंत्र कोड बनवलेला असावा. त्यामुळे वरील एकच लिंक रोखून भागणार नाही. दोन्ही डोमेन संपूर्णपणे बंद करावी लागतील.

आणखी एक बाब आवर्जून लिहावीशी वाटते. सहकाऱ्याने कोड स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटा वापरून उघडला. इतरांनीही तसेच केले असेल, तर कंपनीच्या प्रॉक्सीच्या नोंदींत काहीही दिसणार नाही आणि ‘कोणीही लिंक उघडली नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकेल. तेव्हा कोणाकोणाला हा मेल पोहोचला याची यादी मेल सर्व्हरवरून काढून, त्या सर्वांच्या खात्यांवर १०.४२ नंतर झालेली लॉगिन तपासणे हाच भरवशाचा मार्ग दिसतो. आमच्या विभागात मी प्रत्यक्ष विचारलेल्यांपैकी अन्य कोणीही कोड स्कॅन केल्याचे सांगितलेले नाही, परंतु आज रजेवर असलेल्यांशी अद्याप बोलणे झालेले नाही. शक्य असल्यास हा मेल सर्व मेलबॉक्समधून एकदमच काढून टाकावा.

वेतन पोर्टलवर कर्मचाऱ्याला स्वतःचे बँक खाते बदलता येते, आणि या महिन्याचे वेतन अजून बँकेकडे गेलेले नाही. पगार दुसऱ्या खात्यात वळवणे हाच यामागचा हेतू असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. म्हणून आज सकाळपासून पोर्टलवर आलेले बँक खात्यातील सर्व बदल वेतन कक्षाने थांबवून ठेवले आहेत. संबंधित कर्मचाऱ्याला आपल्याकडे आधीपासून नोंद असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री पटल्याखेरीज ते लागू केले जाणार नाहीत. पोर्टलवरील सकाळपासूनच्या बदलांची नोंद आपल्याकडून मिळाली, तर आमच्या यादीशी ताडून पाहता येईल.

मी त्या मेलला उत्तर दिलेले नाही आणि कोडही स्कॅन केलेला नाही. नुसता फॉरवर्ड केल्यास मूळ हेडर हरवतात, म्हणून दोन्ही मेल `.eml` स्वरूपात या पत्रासोबत जोडले आहेत. सोबत चित्राचा स्क्रीनशॉटही आहे. सहकाऱ्याने फोनवरील ब्राउझर इतिहास पुसलेला नाही आणि आपण सांगेपर्यंत पुसणार नाहीत. तपासणीसाठी फोन दाखवण्यास त्यांची तयारी आहे. त्यांनी तत्परतेने स्वतःहून कळवले म्हणून हा प्रकार तासाभरात आपल्यापर्यंत पोहोचू शकला, याची नोंद तक्रारीत व्हावी अशी माझी इच्छा आहे.

संबंधित खाते तपासून होईपर्यंत कृपया त्या सहकाऱ्याशी किंवा या प्रकरणी माझ्याशी ईमेलऐवजी फोनवरच संपर्क साधावा, कारण ते मेलबॉक्स अजूनही तिसरे कोणी वाचत असू शकते. मी आज सायंकाळी ७ वाजेपर्यंत अंतर्गत क्रमांक २१४ वर उपलब्ध आहे. सेशन रद्द झाल्याचे तेवढे आधी कळवावे.

कळावे,

वरिष्ठ लेखापाल
लेखा व वित्त विभाग

सोबत: मूळ ईमेल (२), स्क्रीनशॉट (१)